घोड्याचं तोंड

बाळा,

तू आत झोपला आहेस. रात्रपाळी करून मी सहाला मिरजेहून आलो, चहा घेतला आणि झोपायच्या ऐवजी हे लिहायला बसलो. समोर टीव्हीवर तुझा बुद्धिबळाचा करंडक आहे. आज्जीने त्याला काल हळदकुंकू लावलं, ते अजून तसंच आहे. तोंडाने बोलायला गेलो तर माझा आवाज चढेल, तुझे डोळे भरतील, आई मध्ये पडेल आणि खरी गोष्ट राहून जाईल. म्हणून लिहितो.

सहाव्या फेरीतली तुझी सतरावी चाल मी पाहिली.

तुला वाटतं की कुणी पाहिली नाही. पालकांना पहिल्या दहा मिनिटांनंतर हॉलबाहेर काढलं होतं, हे खरं. पण मंगल कार्यालयाच्या त्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा बोळ आहे आणि पहिला पट बरोबर त्या खिडकीशी होता. मी बोळात उभा होतो. तुझा उजवा हात आणि पटाचा तुझ्याकडचा अर्धा भाग मला गजांमधून स्वच्छ दिसत होता.

तुझा घोडा राजाच्या बाजूला उभा होता. त्याच्या मागे तिरक्या रेषेत तुझा वजीर, आणि पुढे त्याच रेषेत त्या मुलाचा काळा उंट. घोडा पिन झाला होता. हे तुला चार चाली आधीच माहीत होतं, कारण उंट तिथे आला तेव्हा तू बराच वेळ घेतलास. पण मधल्या पट्ट्यात त्याचं एक प्यादं मोकळं पडलं आणि तुझं लक्ष तिकडे गेलं. तू घोडा उचललास. नुसतं बोट लागलं नाही. पटापासून चांगला दोन बोटं वर उचललास, प्याद्याच्या दिशेने नेलास आणि मध्येच थांबलास. तुझ्या मानेवरून मला कळलं की आता याला उंट दिसला. मग घोडा परत त्याच घरात ठेवलास, हात मांडीवर घेतलास, आणि पाच-सात सेकंदांनी कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवून घड्याळ दाबलंस.

घोडा कुठेही नेला असता तरी उंटाने वजीर खाल्ला असता. बदल्यात तुला फार तर तो उंट मिळाला असता. म्हणजे डाव गेलाच होता. घोडा राजासमोर पिन असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा त्याला नियमाने हलताच येत नाही, आणि हात लावलेल्या सोंगटीला एकही चाल नसेल तर दुसरी कुठलीही सोंगटी खेळायची मोकळीक असते. पण इथे मागे वजीर होता. घोड्याला चाली होत्या, आणि त्या सगळ्या वाईट होत्या. हात लावला की खेळायची, हा नियम नेमका अशाच वेळेसाठी आहे. चांगल्या चालीला तो नियम कुणाला आठवावाही लागत नाही.

त्या मुलाने काय केलं ते तू पाहिलंस का? तू पटाकडे बघत होतास. त्याने घड्याळ थांबवलं, डावा हात वर केला आणि उजवा हात मांडीखाली दाबून धरला. त्याला कुणीतरी नीट शिकवलंय. आपण स्वतःची सोंगटी खेळायला उचलली की समोरच्याच्या चुकीबद्दल दाद मागायचा हक्क संपतो. म्हणून तो हात मांडीखाली गेला. तू सहा वर्षांचा असताना मी तुला हेच शिकवलं होतं, आठवतं? ‘विचार होईपर्यंत हातावर बस.’ तू खरंच दोन्ही तळहातांवर बसायचास आणि उठल्यावर खुर्चीच्या वेताची नक्षी हातावर दाखवत हिंडायचास.

पंच आले. त्यांनी आधी त्याचं ऐकलं, मग तुला विचारलं, ‘घोड्याला हात लावलास का?’

तू म्हणालास, ‘नाही सर, मी फक्त हात वर नेला होता.’

मला ते वाक्य ऐकू आलं. शांत होतं, आणि अर्धं खरं होतं. हात तू वर नेलाच होतास. पंचांनी शेजारच्या पटावरच्या दोघांना विचारलं. ते आपापल्या डावात बुडालेले होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. कॅमेरा नाही, साक्षीदार नाही. एकाचं हो, दुसऱ्याचं नाही. अशा वेळी पंच काय करणार? डाव पुढे चालू करायला सांगणार. त्यांनी तेच केलं, आणि नियमाप्रमाणे बरोबर केलं. त्यांना मी दोष देणार नाही, तूही देऊ नकोस.

मी स्वतः आठ वर्षं तालुक्याच्या स्पर्धांना पंच म्हणून उभा राहिलो आहे. ‘हात लावला का’ हा प्रश्न मी किती मुलांना विचारला असेल याची गणती नाही. त्यातली बहुतेक खाली बघतात आणि हो म्हणतात. काही रडतात आणि हो म्हणतात. वजीर जाणार हे समोर दिसत असतं, तरी हो म्हणतात. हा खेळ त्यावर चालतो, बाळा. चाळीस पट आणि दोन पंच असतात. प्रत्येक हाताकडे कोण बघणार? पंचाला फक्त विचारता येतं, आणि उत्तर काय येईल ते समोरच्या पोराच्या हातात असतं. म्हणून घोडा उचललास याचा मला राग नाही. घोडा कुणीही उचलेल. मीही उचलला आहे आणि वजीर घालवला आहे. सरांनी विचारलं आणि तू ‘नाही’ म्हणालास, तिथे तो डाव तू हरलास, असं मी धरतो.

आणखी एक गोष्ट दिसली, ती फक्त मलाच कळू शकत होती. तू डाव मांडतोस तेव्हा दोन्ही घोड्यांची तोंडं आतल्या बाजूला, राजा-वजिराकडे करून ठेवतोस. लहानपणापासूनची सवय आहे तुझी. घाईत मांडलास तरी नंतर बोटाने वळवतोस. पंच बोलत होते तेव्हा मी पटाकडे पाहिलं. दुसरा घोडा आतच बघत होता. हा मात्र तोंड बाहेर करून उभा होता, सरळ त्या काळ्या उंटाकडे. गडबडीत ठेवताना तो फिरला होता. पंचांना तुझी सवय माहीत असती तर त्यांना आणखी काही विचारावंच लागलं नसतं.

डाव संपल्यावर मी सरांना नोंदीचे कागद गोळा करायला मदत केली. जुनी ओळख आहे, नेहमीच करतो. त्या मुलाचा कागद हातात आला. अक्षर बारीक, प्रत्येक चाल नीट रांगेत. सतराव्या ओळीत, पांढऱ्याच्या रकान्यात, त्याने आधी घोड्याचं ‘एन’ हे अक्षर लिहिलं होतं. तू घोडा उचललास तसं त्याने लिहायला घेतलं असणार. मग त्यावर एक आडवी रेघ आणि पुढे तुझ्या कडेच्या प्याद्याची चाल. पूर्ण कागदावर तेवढी एकच खाडाखोड. खाली दोघांच्या सह्या. तुझी सही मला ओळखू येते, पण ह्या कागदावर ती जरा जास्तच मोठी आहे.

आता तू म्हणशील, पुढच्या चोवीस चाली तर मीच खेळलो. खेळलास, आणि उत्तम खेळलास. हत्तीच्या अंत्यडावात तू हत्ती सातव्या रांगेत घुसवलास आणि त्याच्या राजाला कडेला कोंडून ठेवलंस, ते बघताना बोळात उभ्या उभ्या माझा ऊर भरून आला. हे मी लपवत नाही. पण ते मुद्द्याचं नाही. तो हत्ती सातव्या रांगेत जायला डाव शिल्लक असावा लागतो, आणि तो शिल्लक नव्हता.

त्या एका गुणाचं पुढे काय झालं ते मी काल ड्यूटीवर एका कागदावर मांडून बघितलं. तुलाही दाखवतो, कारण तू फक्त स्वतःचा रकाना बघितला असशील.

पाच फेऱ्यांनंतर पाचपैकी पाच गुण असलेले तुम्ही दोघंच होतात. बाकी सगळे चारवर किंवा त्याखाली. म्हणून स्विस पद्धतीने सहाव्या फेरीत तुमची गाठ पडली, सारख्या गुणांचे एकमेकांसमोर येतात तशी. तू जिंकलास, सहा झालास, शेवटचा डाव बरोबरीत सोडवलास आणि साडेसहावर पहिला आलास. तो पाचवर राहिला. सातवा डाव जिंकला, सहा गुण. त्याच्याइतकेच सहा गुण आणखी एकाचे. मग बुखोल्ट्झ काढला, म्हणजे ज्यांच्याशी आपण खेळलो त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज. दुसऱ्याची अठ्ठावीस, ह्याची साडेसत्तावीस. अर्ध्या गुणाने तो तिसरा. आणि राज्य स्पर्धेला जातात पहिले दोन.

आता उलट मांड. तू ‘हो’ म्हणाला असतास, वजीर गेला असता आणि डाव गेला असता, तर तो सहापैकी सहावर असता आणि मागचे सगळे जास्तीत जास्त पाचवर. शेवटच्या फेरीत नुसती बरोबरी केली असती तरी एकटाच पहिला. तू पाचवर असतास. शेवटचा डाव जिंकून कदाचित दुसरा आलाही असतास, कदाचित नसतास. पण तो गेला असता.

त्याचे आजोबा बरोबर आले होते. जतकडून पहाटेच्या एसटीने, दोन्ही दिवस. बक्षीस समारंभाला थांबले नाहीत, कारण शेवटची गाडी चुकली असती. मी फाटकापाशी होतो. आजोबांनी विचारलं, ‘कितवा आलास?’ तो म्हणाला, ‘तिसरा.’ एवढंच. घोड्याचं काही बोलला नाही. मला वाटलं होतं तो सांगेल आणि आजोबा मागे फिरतील. मी तयारच होतो. ते फिरले असते तर मीही बोललो असतो, असं मी दोन दिवस स्वतःला सांगतो आहे.

तर आता माझं सांगतो. नियमात असं आहे की बघणाऱ्याने डावात तोंड घालायचं नाही, पण काही गैर दिसलं तर पंचांच्या, फक्त पंचांच्या, कानावर घालता येतं. हे मला पाठ आहे. हॉलचं दार माझ्यापासून वीस पावलांवर होतं. मी गेलो नाही. आधी वाटलं, पोरगा स्वतःच सांगेल. मग वाटलं, आता उशीर झाला. मग तू जिंकलास आणि मी बाहेर येऊन तुझ्या पाठीवर थाप मारली. सकाळी स्कूटरवर बसताना ‘ह्या खेपेला राज्यला जायचंच’ हेही मीच म्हणालो होतो. रजेचा अर्ज महिनाभर आधी देऊन ठेवला होता. पंचांनी विचारलं तेव्हा त्यातलं किती तुझ्या डोक्यात होतं, ते मला माहीत नाही. काहीतरी असणार. तुझ्या खोट्यात माझा वाटा किती, याचा हिशेब मी तुझ्यावर ढकलणार नाही. पण गप्प मीही राहिलो, आणि मी बेचाळीस वर्षांचा आहे.

तुझ्या टेबलासमोर कास्पारोव्हचं चित्र आहे, म्हणून त्याची एक गोष्ट सांगतो. ही तुला मी आजवर सांगितली नाही, कारण तो तुझा आवडता आणि माझाही. १९९४ साली स्पेनमधल्या लिनारेस गावच्या स्पर्धेत तो ज्युडिट पोल्गारशी काळी घेऊन खेळत होता. तो जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, ती सतरा वर्षांची. छत्तिसाव्या चालीला त्याने घोडा उचलला, एका घरात ठेवला, बोटं क्षणभर सुटली, आणि त्याच्या लक्षात आलं की इथे पांढऱ्याचा उंट येऊन आपल्याला हत्तीला मुकावं लागेल. त्याने घोडा पुन्हा उचलला आणि दुसऱ्या घरात ठेवला. सोंगटी एकदा घरात सोडली की चाल झाली, हा नियम. तो क्षण सेकंदाच्या चौथ्या हिश्शाएवढा होता. पण त्या डावाचं चित्रीकरण होत होतं आणि त्यात बोटं सुटलेली दिसतात. पोल्गारने तक्रार केली नाही. एवढ्या मोठ्या स्पर्धेला पहिल्यांदाच बोलावलं होतं आणि तिला तमाशा नको होता. शिवाय तिच्या घड्याळात वेळ थोडा उरला होता. तो डाव कास्पारोव्ह जिंकला.

पुढे २००२ मध्ये मॉस्कोत, रशिया विरुद्ध उर्वरित जग या जलद सामन्यात, पोल्गारने त्याला हरवलं. लोक ही गोष्ट सांगताना इथे येऊन थांबतात, जणू आठ वर्षांनी फेड झाली. मला ते पटत नाही. २००२चा डाव ती चांगली खेळली म्हणून जिंकली. १९९४चा डाव निकालात अजून काळ्याच्याच नावावर आहे. तो कुणी बदलला नाही, आणि आता बदलणारही नाही. तुझ्या भिंतीवरचं चित्र काढ असं मी म्हणत नाही. त्याच्यासारखा खेळ क्वचित कुणी खेळलं असेल. पण पुढच्या वेळी त्याच्या हाताकडे बघशील तेव्हा तो घोडाही आठवेल, आणि ते बरं आहे.

फरक एक आहे. त्याला पंचांनी येऊन विचारलं नाही. तुला विचारलं होतं.

तो डाव आता परत खेळता येणार नाही. निकाल लागला, बक्षिसं वाटली, स्पर्धा संपली. पंचही एकट्याने ते उलटवू शकत नाहीत. पण राज्य स्पर्धेसाठी नावं पाठवायची मुदत बुधवारपर्यंत आहे. निवड झालेल्या खेळाडूने आपली जागा सोडली तर पुढच्या क्रमांकाला ती मिळते. आजारपणात दरवर्षी कुणा ना कुणाचं असं होतं. त्यासाठी जिल्हा संघटनेला एक अर्ज लागतो. मनात आणलं तर ‘ताप आला’ असं लिहून हे गुपचूप उरकता येईल. काल रात्री दोन वाजता, एक मालगाडी जाऊन दुसरी यायच्या मधल्या वेळात, मी तसं लिहिलंही होतं. मग फाडलं. त्या पोराने पंचांसमोर खरं सांगितलं आणि तो खोटा ठरला. जागा मिळाली पण त्याच्या नावावरचं ते तसंच राहिलं, तर त्याला नुसती एसटीच्या तिकिटाची भरपाई दिल्यासारखं होईल. त्याच्या आजोबांनाही कळायला हवं की तो हात उगाच वर केला नव्हता.

म्हणून नवा अर्ज लिहिला आहे. त्यात मी बोळातून काय पाहिलं ते आहे. खिडकी, घोडा, घोड्याचं तोंड, नोंदीच्या कागदावरची खोडलेली ओळ. आणि मी पंचांकडे गेलो नाही, हेही आहे. तुझ्या वतीने मी काही लिहिलेलं नाही. तुला माफ करा, लहान आहे, असं काही नाही. ते माझ्या लिहिण्यात येऊ नये असं वाटलं.

तू काहीही ठरवलंस तरी माझा भाग मी देणार आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे मी तुला फसवून नेलं असं वाटायला नको. आईला सकाळीच सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘आज्जीला मी समजावते.’ पेढे मात्र खाऊन झालेत, त्याला इलाज नाही.

करंडक तूर्त तिथेच राहू दे. त्याचं काय करायचं ते संघटना सांगेल. मार्च महिन्यात रोज संध्याकाळी दोन-दोन तास बसून तू हत्तीचे अंत्यडाव घोटलेस. ते तुझ्याकडून कुणी काढून घेत नाही, तेव्हा उगाच सगळंच पुसलं गेलं असं धरून बसू नकोस. उद्यापासून सरावाला आपण बसणारच आहोत. माझ्याशी खेळताना घोडा उचललास तर तो खेळायचा. मी खिडकीकडे बघत असलो तरीसुद्धा.

अर्ज जेवणाच्या टेबलावर, स्टीलच्या डब्याखाली ठेवला आहे, पंख्याने उडू नये म्हणून. माझं लिहिणं वरच्या अर्ध्या पानात संपलं आहे, खालचं अर्धं पान कोरं आहे. पेन बाजूलाच आहे. सर रविवारी अकरापर्यंत घरी असतात. मी साडेदहाला स्कूटर काढतो.

— बाबा